लाइट गेली तरी रेकॉर्डिंग चालू

दुकानात चोरी झाली की मालक फुटेज काढायला बसतो, आणि कधी कधी नेमक्या त्याच वेळेचं रेकॉर्डिंग सापडत नाही. लाइट गेलेली असते, किंवा चोराने आधी बाहेरच्या मीटरपाशी मेन स्विच पाडलेला असतो. कितीतरी दुकानांत तर शटर ओढताना मालक स्वतःच मेन बंद करून घरी जातो आणि कॅमेरेही बंद होतात. त्यामुळे पहिलं काम बॅटरीचं नाही, वायरमनचं आहे. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांची लाइन वेगळी काढून घ्या, म्हणजे रात्री बाकीचं दुकान बंद केलं तरी ती चालू राहील.

आता एका किराणा दुकानाचा हिशोब करू. कॅमेरे चार, डीव्हीआर एक, त्यात एक हार्ड डिस्क, शिवाय मोबाईलवर दिसावं म्हणून राउटर. हिशोब रात्रीचाच धरायचा, कारण अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. प्रत्येक कॅमेऱ्याला सुमारे चार वॅट, म्हणजे चौघांना सोळा. डीव्हीआरला बारा, राउटरला आठ. एकूण 36 वॅट. बारा व्होल्टवर हा तीन अँपिअरचा प्रवाह झाला.

बहुतेकजण इथे कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस आणून लावतात. त्याच्या आत बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. सात भागिले तीन म्हणजे सव्वादोन तास, असं वाटतं; पण ती क्षमता वीस तासांत हळूहळू वापरली तरच मिळते. तीन अँपिअरने ओढलं तर नवी बॅटरीही दीड तासाच्या आसपासच साथ देते. त्यात यूपीएस बॅटरीचे 12 व्होल्ट आधी 230 करतो, आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस त्याचे पुन्हा 12 करतो. या उलटसुलट प्रवासात बरीच वीज उष्णता होऊन जाते. हातात उरतो पाऊण ते एक तास.

म्हणून कॅमेऱ्यांसाठी मिळणारा बारा व्होल्टचा डीसी यूपीएस मला जास्त पटतो. तो बॅटरीची वीज थेट बारा व्होल्टवरच देतो. आपल्या दुकानाला चार तास हवे असतील तर बारा अँपिअर-अवर प्रत्यक्ष मिळायला हवेत. बॅटरी जुनी झाल्यावरही ते मिळावेत म्हणून 18 अँपिअर-अवरची घ्यावी. मात्र तिला भरणारा चार्जरही त्या मापाचा लागतो. एक अँपिअरचा चार्जर ही बॅटरी भरायला वीस तास घेईल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइट गेली तर ती अर्धवटच भरलेली असेल. नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे आयपी कॅमेरे असतील तर त्यांच्या स्विचला बारा व्होल्ट सहसा चालत नाहीत; तिथे एसी यूपीएसच घ्यावा लागतो.

डीसी यूपीएस घेताना दोन गोष्टी विचारा. आउटपुट स्थिर 12 व्होल्ट आहे का, की बॅटरी उतरेल तसा उतरत जातो? उतरत असेल तर सगळ्यात लांबचा कॅमेरा आधी दगा देतो, कारण बारीक, लांब केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. हे ओळखायचं कसं? दिवसा चित्र स्वच्छ, पण रात्री इन्फ्रारेड लागताच आडव्या रेघा फिरतात किंवा स्क्रीन काळी होते. दुसरं, बॅटरी साधारण साडेदहा व्होल्टला आली की तो आपोआप तोडतो का? न तोडणारा यूपीएस शिशाची बॅटरी थोड्याच दिवसांत खलास करतो.

सगळं बसवून झालं की अंधार पडल्यावर बॅकअपचा मेन पाडा आणि घड्याळ लावून बसा. लाइट जाताच डीव्हीआर पुन्हा सुरू होताना दिसला, तर बदल होताना वीज तुटते आहे. अशाने रेकॉर्डिंगमध्ये खंड पडतो, हार्ड डिस्कलाही ते बरं नाही. मग बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि मेन पुन्हा चालू करा. काही यूपीएस इथे अडतात: वीज आली तरी बटण दाबेपर्यंत सुरूच होत नाहीत. मध्यरात्री असं झालं तर दुकान उघडेपर्यंत कॅमेरे बंदच. शेवटी त्या तासांचं फुटेज मागे जाऊन बघा आणि कोपऱ्यातली तारीख तपासा. डीव्हीआरमधला बटन सेल संपलेला असेल तर बंद पडून सुरू झाल्यावर घड्याळ चुकीच्या तारखेवर जातं, आणि असलेलं फुटेजही शोधूनसुद्धा सापडत नाही.

पत्र्याखाली तापणाऱ्या माळ्यावर बॅटरी ठेवू नका. उष्णतेत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा, आणि वर्षाने हीच चाचणी पुन्हा घ्या. चार तासांचे दोन झाले असतील तर नवी आणायची वेळ झाली.