पुसलेलं शून्य आणि न आकसलेला फुगा

समजा, घरमालकाने भाडेकरूला व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, ‘डिपॉझिटचे ५०,००० मिळाले’. पुढे दोघांचं बिनसलं आणि मालकाने सोसायटीच्या ग्रुपवर त्याच निरोपाचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात मात्र रक्कम आहे ५,०००.

एक शून्य पुसणं फोटो एडिटरमध्ये मिनिटाचं काम आहे. पण निरोपाचा फुगा मजकुराच्या मापाने बेतलेला असतो. साध्या एकओळी निरोपात मजकूर संपला की ठरावीक जागा, मग वेळ, आणि शेवटी फुग्याची कड. शून्य पुसलं म्हणून फुगा आकसत नाही. उरलेली जागा कुठेतरी दिसणारच: ‘मिळाले’ आहे तिथेच ठेवलं तर आकड्यापाशी, ते डावीकडे सरकवलं तर वेळेच्या आधी. चित्र मोठं करून त्याच स्क्रीनशॉटमधल्या दुसऱ्या एकओळी निरोपाशी ते अंतर ताडून पाहा.

तुलना त्याच चित्रातल्या निरोपांशी करायची, आपल्या फोनशी नाही. अँड्रॉइड आणि आयफोनचे फॉन्ट वेगळे असतात, शिवाय अक्षरांचा आकार ज्याने त्याने आपल्या सोयीने बदललेला असतो. नुसतं ‘अक्षर वेगळं दिसतंय’ म्हणून कुणाला खोटं ठरवणं अन्यायाचं होईल. एकाच स्क्रीनशॉटमध्ये दोन वळणांचं अक्षर दिसलं, तर मात्र संशयाला जागा आहे.

मराठी मजकुरात आपल्याला शिरोरेषेची मोठी मदत होते. बाहेरून चिकटवलेल्या शब्दाची शिरोरेषा शेजारच्या शब्दापेक्षा किंचित जाड असते किंवा केसभर वर-खाली असते. काही एडिटरांना देवनागरीची जोडणी नीट जमत नाही. मग ‘मिळाले’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन बसते, ‘रक्कम’मधला जोडाक्षराचा ‘क्क’ पाय मोडून सुटा होतो. फोनवर टाइप केलेल्या निरोपात असं सहसा होत नाही.

रंगाच्या डागांवरूनही जोड कळतो, पण स्क्रीनशॉट ग्रुपवर पाठवताना चित्र दाबलं जातं आणि त्या खुणा पुसट होतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कुणी दुसऱ्याच नंबराला आपल्या फोनमध्ये तुमचं नाव दिलं, किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या चॅटचे शब्द बदलून मग स्क्रीनशॉट काढला, तर फॉन्ट, अंतर, शिरोरेषा सगळं बिनचूक येतं. खूण सापडली नाही, एवढ्यावरून स्क्रीनशॉट खरा ठरत नाही.

म्हणून वाद पैशांचा असेल तर चित्रावर थांबू नये. दोघांनी आपापल्या फोनवर तीच तारीख उघडावी, नावावर टॅप करून नंबर दाखवावा. मालकाने आपल्याकडचा निरोप ‘फक्त माझ्यासाठी’ डिलीट केला असला, तरी भाडेकरूच्या फोनवर तो राहतो. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्यही नोंदवायचं असतं. तेव्हा मूळ चॅट असलेला फोन विकू नका, रीसेटही करू नका.