एका पट्ट्यावरचे तीन टायमर

साखर कारखान्यात ५० किलोचं पोतं शिवून झालं की पट्ट्यावर आडवं पडतं आणि गोदामाकडे निघतं. समजा, पट्टा १२ मीटर लांब आहे आणि सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. म्हणजे पोतं २४ सेकंदांत पलीकडे पोचतं. पट्टा चालवणाऱ्या पीएलसीत तीन टायमर आहेत. सिग्नल गेल्यावर प्रत्येक जण काय करतो, एवढ्यावर त्यांचा फरक कळतो.

पट्ट्याच्या शेवटी फोटोसेन्सर आहे. मीटरभर लांबीचं पोतं त्याच्यासमोरून दोन सेकंदांत जातं. चार सेकंद झाले तरी ते हललं नाही, तर पोतं अडकलं असं समजून पट्टा थांबवायचा. हे काम ऑन-डिले टायमरचं, म्हणजे TON चं. सिग्नल येताच तो मोजू लागतो आणि सिग्नल गेला की मोजलेलं विसरून शून्यावर येतो. म्हणून दोन-दोन सेकंदांची शंभर पोती गेली तरी तो उगाच ओरडत नाही.

सुरुवातीच्या सेन्सरवर ऑफ-डिले, TOF आहे. पोतं दिसताच पट्टा लगेच सुरू होतो. पोतं पुढे सरकून सिग्नल गेला की मगच मोजणी सुरू होते. ती ३० सेकंदांची ठेवली, तर शेवटचं पोतं उतरून मग पट्टा थांबतो. मध्येच दुसरं पोतं आलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. पण इमर्जन्सी स्टॉप कधीही या टायमरमधून नेऊ नका. बटण दाबल्यावर मोटरचा पुरवठा त्याच क्षणी तुटायला हवा, कारण पट्ट्यात कुणाचा हात असू शकतो.

तिसरं काम बेअरिंगच्या ग्रीसचं, समजा दर १०० तास चालल्यावर. इथे हमखास चूक होते ती TON लावण्याची. पट्टा दिवसातून वीसदा थांबतो, दर वेळी मोजणी शून्यावर येते आणि ग्रीसचा दिवा कधीच लागत नाही. ओळखायचं कसं? पट्टा थांबताना स्क्रीनवर ACC चा आकडा बघा. तो शून्यावर उडी मारत असेल तर टायमर चुकीचा आहे. इथे रिटेंटिव्ह, RTO हवा. सिग्नल गेला की तो आहे त्या आकड्यावर थांबतो आणि पट्टा सुरू झाला की तिथूनच पुढे मोजतो.

मात्र तो आपणहून शून्यावर येत नाही, त्याला RES ही सूचना द्यावी लागते. शिवाय जुन्या १६ बिटांच्या पीएलसीत आकडा ३२,७६७ च्या पुढे जात नाही. सेकंदांत मोजलं तर नऊ तासांतच संपला. म्हणून RTO ला ३,६०० सेकंदच मोजू द्यायचे. तेवढे भरले की काउंटर एकने वाढवायचा आणि टायमर RES करायचा. काउंटर १०० वर गेला की दिवा लागतो. ग्रीस भरून झाल्यावर फिटरने बटण दाबलं, की काउंटरही शून्यावर.