चढ-उतार सारखे, धोका वेगळा

दोन फंड घ्या. पहिल्याचा पाच महिन्यांचा परतावा: 0, 0, 0, 0, 10 टक्के. दुसऱ्याचा: 4, 4, 4, 4, उणे 6. दोघांची सरासरी 2 टक्के आणि प्रमाण विचलनही 4 टक्केच. म्हणजे शार्प गुणोत्तर दोघांना एकाच मापाने मोजणार. पहिल्याची एकुलती एक उसळीसुद्धा ते धोका म्हणूनच धरतं, हे मला पटत नाही.

सॉर्टिनो गुणोत्तर धोका म्हणून फक्त उद्दिष्टाखालची तूट मोजतं. आपलं किमान उद्दिष्ट महिन्याला 1 टक्का धरू. पहिला फंड चार वेळा 1 टक्क्याने कमी पडला. त्या तुटींच्या वर्गांची बेरीज 4, भागिले 5, वर्गमूळ 0.89. दुसरा एकदाच कमी पडला, पण 7 टक्क्यांनी: 49 भागिले 5, वर्गमूळ 3.13. उद्दिष्टावरचा सरासरी 1 टक्का या अधोविचलनाने भागला की पहिल्याला 1.12, दुसऱ्याला 0.32.

भागाकार सगळ्या पाच महिन्यांनी करायचा, फक्त वाईट महिन्यांनी नाही. ही चूक सर्रास होते.

आणि दुसऱ्या फंडाचा तो वाईट महिना अजून आलाच नसेल, तर त्याचं अधोविचलन शून्य दिसेल. ऑप्शन विकून नियमित कमाई करणाऱ्या फंडांत हे सहज घडू शकतं. अशा वेळी मोठ्या पडझडीचा काळ आकड्यांत आहे का, ते आधी पाहा.