साठ हप्ते, पाच उत्तरे

समजा, साकोलीच्या पोस्टात कुणी दरमहा दोन हजार रुपयांचे आरडी खाते उघडले. मुदत पाच वर्षे, म्हणजे हप्ते साठ. व्याज वर्षाला ६.७ टक्के. शेवटी हातात किती येणार, एवढाच प्रश्न. तो पाच जणांना घाला, पाच उत्तरे येऊ शकतात: १,४२,७३२ रुपये, १,४१,९४४, १,४२,८७३, १,४२,०७९ आणि १५,२७,६४७.

गंमत अशी, की पाचही जणांनी सूत्र पुस्तकातलेच वापरलेले असते आणि गुणाकार-भागाकारही कुणाचा चुकलेला नसतो. शेवटचे उत्तर कुणीही हसून बाजूला सारेल. एक लाख वीस हजार भरून पंधरा लाख मिळाले असते, तर साकोलीत धान कुणी लावले असते? अडचण उरलेल्या चारांची आहे. ती चारही खरी वाटतात, पण बरोबर एकच आहे. ते कोणते हे ओळखायला गणितात हुशार असावे लागत नाही, फक्त दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला हप्ता कधी पडला? आणि टक्के कोणत्या काळाचे आहेत?

आधी की नंतर?

आरडी खाते उघडते तेच पहिला हप्ता भरून. म्हणजे पहिले दोन हजार पूर्ण साठ महिने व्याज कमावतात, दुसरे एकोणसाठ महिने. साठावा हप्ताही एक महिना पोस्टात राहतो, मगच मुदत भरते. हप्ता काळाच्या सुरुवातीला पडतो अशा हिशेबाला ‘ॲन्युइटी ड्यू’ म्हणतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत मात्र आधी शिकवली जाते ती साधी ॲन्युइटी. तिच्यात हप्ता काळाच्या शेवटी पडतो. तिच्या सूत्राप्रमाणे पहिला हप्ता एकोणसाठच महिने वाढतो आणि शेवटचा तर भरल्याभरल्या परत मिळतो, बिनव्याजी. १,४१,९४४ हे उत्तर तिथून आले. ७८८ रुपये कमी.

याच्या उलट उदाहरण कर्जाचे. बँकेने आज एक लाख रुपये दिले, तर पहिला हप्ता साधारण महिन्याने सुरू होतो. तिथे शेवटी पडणाऱ्या हप्त्याचे सूत्रच योग्य. वर्षाला १२ टक्के दराने, महिन्याच्या महिन्याला व्याज आकारून, बारा हप्त्यांत ते फेडायचे असेल तर हप्ता ८,८८५ रुपये येतो. कुणी ८,७९७ सांगितला, तर त्याने पहिला हप्ता कर्ज घेतल्याच दिवशी भरला असे धरले आहे. तेव्हा बचत आणि कर्ज यांना एकच सूत्र डोळे झाकून लावता येत नाही. व्यवहार काय ठरला आहे, हे आधी वाचावे लागते.

ही चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दोन उत्तरांचा भागाकार करा. १,४२,७३२ भागिले १,४१,९४४ म्हणजे १.००५५५. यातला एक सोडून उरलेला भाग, ०.५५५ टक्के, हाच महिन्याचा व्याजदर. तुमचे उत्तर आणि पुस्तकाचे उत्तर यांच्यात बरोबर एका काळाच्या व्याजाइतकेच अंतर पडले, तर दुसरीकडे शोधायला जाऊ नका. चूक हप्त्याच्या आधी-नंतरची आहे.

टक्के कशाचे?

आपल्या बोलण्यात व्याजाचा काळ अनेकदा गाळलेलाच असतो. बचत गटाच्या बैठकीत किंवा सावकाराकडे ‘शेकडा दोन’ म्हटले, की ते महिन्याचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पोस्टात ‘६.७ टक्के’ म्हटले, की ते वर्षाचे. दोन्हीकडे अर्थ टक्केच. दहा हजारांचे कर्ज शेकडा दोनने दहा समान मासिक हप्त्यांत फेडायचे, तर हप्ता १,११३ रुपये येतो. तेच दोन टक्के वर्षाचे समजले, तर १,००९. पंधरा लाखांचे उत्तरही असेच आले. तिथे वर्षाचे ६.७ टक्के महिन्याचे म्हणून साठ वेळा लावले गेले.

इतकी मोठी चूक लपत नाही. लपते ती धाकटी चूक. ‘वर्षाचा दर आहे ना, मग बाराने भागा’ हे सगळ्यांना येते. ६.७ भागिले १२ म्हणजे ०.५५८ टक्के. या दराने, हप्ता सुरुवातीला धरून, १,४२,८७३ येतात. दिसायला सगळे नीट, तरी १४१ रुपये जास्त. कारण पोस्टाच्या आरडीत व्याज चक्रवाढीने मुद्दलात मिळते ते तिमाहीला, महिन्याला नव्हे. हप्ता मासिक, दर वार्षिक आणि चक्रवाढ तिमाही, असे तीन काळ एका खात्यात नांदतात. बाराने भागणारा त्यातला तिसरा काळ विसरलेला असतो.

बरोबर रस्ता असा. ६.७ ला चाराने भागून तिमाहीचा दर १.६७५ टक्के. आता महिन्याचा असा दर हवा, जो तीन महिने लागोपाठ लावला की नेमके १.६७५ टक्के होतील. म्हणून १.०१६७५ चे घनमूळ काढायचे. ते १.००५५५२४ येते, म्हणजे महिन्याला ०.५५५ टक्के. हा दर, साठ हप्ते आणि हप्ता सुरुवातीला, असे धरले की १,४२,७३२ रुपये. १ ऑक्टोबर २०२३ पासून उघडलेल्या आरडी खात्यांना ६.७ टक्के दर लागू झाला. खाते उघडताना असलेला दर पूर्ण मुदतीला कायम राहत असल्याने असा हिशेब मांडता येतो.

कर्जाच्या उदाहरणात मात्र बाराने भागणेच बरोबर होते, कारण तिथे व्याज महिन्याच्या महिन्याला आकारायचे ठरले होते. म्हणजे बाराने भागणे चूकही नाही आणि नियमही नाही.

आता उरले १,४२,०७९. हे पाचांतले सर्वांत फसवे उत्तर आहे. इथे दोन्ही चुका झाल्या आहेत. दर बाराने भागला, त्यामुळे उत्तर फुगले, आणि हप्ता शेवटी धरला, त्यामुळे ते आक्रसले. एका चुकीने दुसरीला थोडे झाकले आणि घट ७८८ वरून सुमारे ६५२ वर आली. भागाकाराची खूणही इथे कामाची राहत नाही. म्हणून उत्तर ‘जवळपास’ आले यावर समाधान मानू नये. प्रत्येक चूक सुटी करून तपासावी.

कुंपण घाला

उत्तर हाती नसतानाही ते कुठे असायला हवे हे सांगता येते. तीन महिन्यांचे मिळून सहा हजार एकदम भरले असे समजा. ते तिमाहीच्या शेवटी भरले, तर सगळे हप्ते उशिरा पडले. दर १.६७५, काळ २०, उत्तर १,४१,१५८. तेच सहा हजार तिमाहीच्या सुरुवातीला भरले, तर काही हप्ते लवकर पडले. उत्तर १,४३,५२३. खरे उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. पंधरा लाख इथेच गळतात.

कुंपणाच्या आतली चार उत्तरे चाळायला आणखी एक कागदी युक्ती आहे. तिमाहीत पहिला हप्ता तीन महिने, दुसरा दोन आणि तिसरा एक महिना राहतो. मिळून सहा महिने, म्हणजे दोन हजारांवर दोन तिमाह्यांचे व्याज. ते ६७ रुपये होते. तिमाहीअखेर जमा ६,०६७. याच्या वीस तिमाह्यांचे चक्रवाढीने १,४२,७३५ रुपये होतात. खऱ्या उत्तरापासून तीन रुपयांचाच फरक, आणि तोही तिमाहीच्या आत साधे व्याज धरल्यामुळे. घनमूळ न काढता इतक्या जवळ पोहोचता येते. या आकड्यापासून शे-सातशे रुपये दूर असलेल्या उत्तरांचे पितळ तिथेच उघडे पडते.

संगणकावरचा रिकामा रकाना

हल्ली हिशेब एक्सेलमध्ये होतो आणि चूकही तिथेच शिरते. शेवटी पडणारा हप्ता हे तिथे गृहीतच असते. सूत्रातला शेवटचा रकाना रिकामा सोडला, की संगणक न विचारता तेच धरतो. आरडीसाठी तिथे १ लिहावा लागतो:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1,60,-2000,0,1)
```

उत्तर १,४२,७३१.६६ येते. शेवटचा १ काढून टाका, तेच १,४१,९४३.५२ होते. हप्त्यापुढचे वजा चिन्ह म्हणजे पैसे आपल्या खिशातून गेले, एवढाच अर्थ.

सूत्रावर भरवसा ठेवण्याआधी त्याला लहान प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर तोंडी येते. साठच्या जागी १ घाला. सुरुवातीला भरलेल्या एका हप्त्याचे महिन्याने २,०११ रुपये आणि दहा पैसे व्हायला हवेत. नुसते २,००० आले, तर हप्ता शेवटी धरला गेला. मग हप्ता शून्य करा, त्याच्या पुढच्या शून्याच्या जागी आधीच भरलेले -2000 घाला आणि तीन महिने द्या. तिमाहीचे व्याज १.६७५ टक्के, म्हणून २,०३३.५० यायला हवेत. २,०३३.६९ आले, तर कुणीतरी बाराने भागले आहे. एकोणीस पैशांचा हा फरकच साठ हप्त्यांत १४१ रुपयांचा होतो.

हे सगळे गणित साठही हप्ते वेळेवर पडले तरच खरे. पोस्टाच्या नियमाप्रमाणे खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले असेल तर पुढचे हप्ते १५ पर्यंत, त्यानंतर उघडले असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत भरायचे असतात. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो. मुदतीआधी खाते बंद केले तर आरडीचा दर न मिळता बचत खात्याचा दर मिळतो. तेव्हा एजंटकडे हप्ते देत असाल, तर पासबुकात प्रत्येक हप्त्याची तारीख पाहून घ्या. वरचा १,४२,७३२ हा आकडा त्या साठ तारखांवर उभा आहे.