रात्री साडेबाराची भूक

मे महिन्यात माझे पाव चपटे व्हायला लागले. मळलेलं पीठ भांड्यातून काढलं की ओट्यावर पसरायचं. आधी मैद्याला दोष दिला, मग ओव्हनला. शेवटी एका रात्री स्टार्टरच्या बरणीजवळ जागत बसले.

नऊ वाजता नेहमीसारखं ५० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवलं आणि पातळीवर रबरबँड लावला. पुण्यातलं माझं स्वयंपाकघर तेव्हा ३२ अंशांवर होतं. साडेबारालाच मिश्रण दुप्पट झालं, वरचा भाग घुमटासारखा फुगला. तीनला मध्ये खड्डा पडला. सकाळी तळाला पातळ पेज, वर करडं पाणी आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. मी मात्र रोज सकाळी हेच पावात घालत होते.

करडं पाणी आणि तो वास ही उपासमारीची खूण. स्टार्टर मेलेला नसतो. खरा घात आम्ल करतं. ते फार साचलं की ग्लुटेन तुटायला लागतं आणि पीठ ताण धरत नाही. १:१:१ मध्ये एक तृतीयांश भाग जुना, आंबटच राहतो.

म्हणून प्रमाण बदललं: १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम गार पाणी. दह्याला विरजण कमी लावलं की ते उशिरा लागतं, तसंच हे. पहिल्या दिवशी फरक जेमतेम दिसला. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला कालवलेलं सकाळी सहाला शिखरावर होतं, आणि वास ताकासारखा.

पिठाचाही हात होता. मी निव्वळ चक्कीची कणीक घालत होते. कोंड्यामुळे ती झपाट्याने आंबते. सुस्तावलेला स्टार्टर जागा करायला उत्तम, पण उन्हाळ्यात घाई करते. आता ४० ग्रॅम ब्लीच न केलेला मैदा आणि १० ग्रॅम कणीक घेते.

तयार झालंय हे ओळखायला पाण्यात चमचाभर सोडून तरंगतं का पाहतात. त्यावर माझा भरवसा नाही. चमच्याने ढवळलं की हवा निघून जाते, आणि कणकेचा स्टार्टर तयार असूनही बुडतो. मी बरणीची काच बघते: बाजूने जाळी, वर घुमट, आणि खाली उतरल्याची रेघ अजून नाही. त्यातही एकदा नव्हे, सलग दोन-तीन वेळा ठरल्या वेळेत दुप्पट व्हायला हवं. नव्या स्टार्टरला दुसऱ्या दिवशी येणारा फुगा तर भलत्याच जिवाणूंचा असतो. पुढे दोन-चार दिवस स्टार्टर निपचित पडतो, तेव्हा टाकून देऊ नये. गुलाबी-केशरी डाग किंवा बुरशी दिसली तरच सगळं फेकायचं.

डिसेंबरात हेच १:५:५ सकाळपर्यंत अर्ध्यावरच रेंगाळतं. तेव्हा मी १० ऐवजी २५ ग्रॅम स्टार्टर घेते आणि पाणी कोमट करते.