नळी तोंडात अडकते तेव्हा

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीच्या पुट्टीची भुकटी व्हॅक्यूम क्लीनरने ओढली. महिन्याभराने पिशवी बदलायला गेले, तर नळी यंत्राच्या तोंडातून हलेना.

नळीच्या टोकाची प्लॅस्टिकची कडी यंत्राच्या तोंडात घट्ट बसते, कारण फट राहिली तर ओढ कमी होते. त्या बारीक फटीत भुकटी शिरते, दमट हवेत ओलावते आणि वाळून पाचरीसारखी घट्ट होते. सरळ ओढून ती सुटत नाही. ती आधी फिरवून मोडावी लागते.

प्रथम प्लग काढा. मग कडीवर दाबायची बटणे किंवा खाच आहे का, ते पाहा. खटका अडकलेला असताना जोर लावला तर तोच तुटतो. माझ्या यंत्राला दोन बटणे होती. जुन्या टूथब्रशने त्यांच्या कडेची भुकटी काढल्यावर ती पूर्ण आत गेली. बटणे दाबून धरायची, रबरी हातमोजा घालून कडीच पकडायची आणि थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हलवत ओढायची. खटक्यामुळे ती जेमतेम हलते, पण तेवढे पुरते. करकर आवाज आला की थर मोडला. वळ्यांची नळी मात्र ओढू नका, ती कडीपाशी फाटते. पक्कडही नको: कडी दाबून लंबगोल होते आणि जास्तच रुतते.

तरीही हलली नाही, तर बाहेरच्या तोंडाला हेअर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर द्या; ते किंचित फुगते. तेल कधीच लावू नका, पुढची धूळ त्यालाच चिकटते.