माइक का किंचाळतो

वक्ते पहिले वाक्य बोलतात आणि हॉलभर 'कुंईऽऽ' असा आवाज घुमतो. पुढच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवतात, वक्ते दचकून माइकपासून मागे सरकतात, साउंडवाला घाईघाईने बटणे फिरवतो. गणेशोत्सवातले व्याख्यान असो, सोसायटीची सभा असो की शाळेचे स्नेहसंमेलन, हे घडले की सगळ्यांचा राग माइकवर निघतो. पण माइक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तिन्ही ठणठणीत असतानाही ही शिट्टी वाजते. बहुतेक वेळा तिचे कारण दोनच गोष्टींत असते: स्पीकर कुठे ठेवले आहेत आणि वक्त्याचे तोंड माइकपासून किती लांब आहे.

वक्त्याचा आवाज माइकमध्ये जातो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर तो हॉलमध्ये सोडतो. त्यातला काही आवाज थेट, तर काही भिंतींवर आणि छतावर आपटून पुन्हा माइकपाशी येतो. माणसाचा आवाज कोणता आणि स्पीकरचा कोणता हे माइकला कळत नाही. परत आलेला आवाजही तो तितक्याच इमानाने पुढे पाठवतो आणि एक फेरी सुरू होते. परतणारा आवाज मूळ आवाजापेक्षा क्षीण असेल, तर चार-सहा फेऱ्यांत तो विरून जातो आणि कोणाला काही जाणवत नाही. तो मूळ आवाजापेक्षा जरासा जरी जास्त भरला, तर चक्रवाढ व्याजासारखा वाढत जातो.

ही वाढ इतकी अचानक का वाटते, ते आकड्यांत पाहू. स्पीकर माइकपासून 3.4 मीटरवर आहे असे धरा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका फेरीला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो आणि एका सेकंदात शंभर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आवाज फक्त दहा टक्क्यांनी वाढला, तरी पाव सेकंदात तो दहापट होतो आणि अर्ध्या सेकंदात शंभरपटीच्या पुढे जातो. ॲम्प्लिफायरची ताकद संपते तेव्हाच ही वाढ थांबते. म्हणून शिट्टी नेहमी पूर्ण जोरात वाजते. ती बराच वेळ वाजत राहिली, तर स्पीकरमधल्या ट्विटरची नाजूक कॉइल जळू शकते.

बोलण्यात बारीक-जाड असे अनेक स्वर मिसळलेले असतात, मग शिट्टी एकाच स्वराची का? फेरी मारून आलेली लहर मूळ लहरीशी जुळून आली, तरच दोन्ही मिळून मोठ्या होतात. एकीच्या चढावर दुसरीचा उतार आला, तर त्या एकमेकींना खोडतात. वरच्या उदाहरणात असे जुळणारे स्वर साधारण दर 100 हर्ट्झवर सापडतील. त्यांतला कोणता वाजणार हे माइक, स्पीकर आणि हॉल मिळून ठरवतात. तिघांनी मिळून जो स्वर सर्वांत जास्त उचलून धरला, तो आधी मर्यादा ओलांडतो आणि इतरांना झाकून टाकतो. माइक हातात घेऊन चार पावले चालले की शिट्टीचा स्वर बदलतो, कारण अंतर बदलले की जुळणी बदलते. या प्रकाराला डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन (1871–1957) यांच्या नावावरून 'लार्सन परिणाम' म्हणतात.

शिट्टी वाजण्याआधी ती सूचना देते, आणि ही सूचना ओळखता येणे फार उपयोगी आहे. मर्यादा जवळ आली की प्रत्येक शब्दाला शेपूट फुटते. शब्द संपतो, पण त्याच्यामागे एक बारीकसा झंकार रेंगाळतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटू लागते. हे ऐकू आले की त्याच क्षणी आवाज थोडा खाली आणावा. आणखी जरासा वाढवला की शिट्टी ठरलेलीच.

आता एक नेहमीचा हॉल घेऊ. लांबी 15 मीटर, रुंदी 9, उंची साडेतीन. खाली फरशी, भिंतींना गुळगुळीत प्लॅस्टर, एका बाजूला काचेच्या खिडक्या. प्लगपॉइंट मंचाच्या मागच्या भिंतीवर असल्यामुळे दोन्ही स्पीकर स्टँडवर चढवून तिथेच उभे केले आहेत. त्यांची तोंडे श्रोत्यांकडे आहेत. त्यांच्यापुढे दीड मीटरवर पोडियम आहे आणि पोडियमवर वाकणाऱ्या दांडीचा माइक. वक्ते कागद पाहत, माइकपासून 60 सेंटिमीटरवर उभे राहून बोलतात. या मांडणीत शिट्टी वाजली नाही, तरच नवल.

पहिले काम म्हणजे स्पीकर माइकच्या पुढे नेणे. लांब वायर घ्यावी आणि दोन्ही स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेपलीकडे, बाजूच्या भिंतींजवळ उभे करावेत, म्हणजे पोडियमपासून प्रत्येकाचे अंतर तीन-साडेतीन मीटर होते. मोकळ्यात अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज 6 डेसिबलने घटतो. शिवाय माइक आता स्पीकरच्या मागे येतो, आणि स्पीकरच्या मागे बारीक, तीक्ष्ण स्वर फारच कमी जातात. स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर असावेत, पण तोंड किंचित खाली, मागच्या रांगांतल्या माणसांकडे असावे. ते समोरच्या भिंतीकडे रोखले, तर ती भिंत सगळा आवाज मंचावर परत पाठवते.

या उपायाला एक मर्यादा आहे आणि तिथेच अनेक जण निराश होतात. वर वर्णन केलेल्या रिकाम्या हॉलमध्ये स्पीकरपासून साधारण दोन मीटरच्या पुढे गेले की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून घुमून येणारा आवाज जास्त भरतो. घुमणारा आवाज हॉलभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे स्पीकर चार मीटरवरून आठ मीटरवर नेला, तरी फारसा फरक पडत नाही. अशा वेळी खिडक्यांवर जाड पडदे आणि खाली सतरंज्या अधिक उपयोगी पडतात. सर्वांत जास्त आवाज शोषतात ती माणसे. म्हणून रिकाम्या हॉलमधली चाचणी ही सर्वांत कठीण परीक्षा असते. हॉल भरला की थोडी सवलत मिळते. मात्र गर्दीच्या कुजबुजीवर मात करायला आवाज वाढवला की ती सवलत लगेच संपते.

दुसरे काम वक्त्याचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. तोंड 60 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आणले, तर माइकला आवाज 12 डेसिबल जास्त मिळतो, म्हणजे ध्वनीचा दाब चौपट होतो. तितकाच आवाज साउंडवाला मिक्सरवर कमी करू शकतो. श्रोत्यांना पूर्वीइतकेच ऐकू येते, पण फेरी मारणारा आवाज मात्र 12 डेसिबलने घसरतो. एक पैसा न खर्चता हॉलमध्ये इतका फायदा दुसरा कोणताही उपाय देत नाही. घडते मात्र नेमके उलटे. शिट्टी वाजली की वक्ते भिऊन मागे सरकतात, त्यांचा आवाज माइकला कमी पोचतो, मागचे लोक 'ऐकू येत नाही' म्हणतात, साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी पुन्हा वाजते. म्हणून कार्यक्रमाआधी वक्त्यांना शांतपणे सांगावे की शिट्टी आली, तर मागे न जाता माइकच्या जवळ या. कॉलर माइकची अडचणही हीच आहे. तो तोंडापासून वीतभर खाली असतो आणि बहुतेक वेळा सगळ्या दिशांचा आवाज सारखाच घेतो, त्यामुळे लहान हॉलमध्ये तो हातातल्या माइकच्या कितीतरी आधी किंचाळतो.

हातातले बहुतेक माइक समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा कमी घेतात. जाळीच्या मागच्या भागात हवेला वाट ठेवलेली असते, तिच्यामुळे ही निवड शक्य होते. गायक-निवेदक ऐटीत जाळीभोवती मूठ आवळतात तेव्हा ती वाट बंद होते आणि माइक सगळीकडचे ऐकू लागतो. शिट्टी थांबवायला जाळीवर हात ठेवणारे तर ती वाढवतातच. माइक दांडीवर धरावा. बोलून झाल्यावर हात खाली सोडताना त्याचे तोंड मंचावरच्या मॉनिटर स्पीकरकडे जाणार नाही, हेही पाहावे.

एवढे केल्यावर मग मिक्सरकडे वळावे. ग्राफिक इक्वलायझर असेल, तर श्रोते येण्याआधी माइक जागेवर ठेवून फेडर अगदी हळू वर न्यावा. पहिला झंकार सुरू झाला की थांबावे, त्या स्वराची पट्टी शोधून ती 3 ते 6 डेसिबल खाली आणावी आणि पुन्हा फेडर वर न्यावा. स्वर कानाने ओळखता येत नसेल, तर आवाजाचा आलेख दाखवणारे मोबाइल ॲप त्याचा आकडा दाखवते. असे तीन-चार स्वर पकडले की थांबावे, कारण आणखी पट्ट्या कापल्या की बोलणे पोकळ वाटू लागते. शेवटी फेडर झंकाराच्या मर्यादेच्या 6 डेसिबल खाली ठेवावा, म्हणजे कार्यक्रमात कोणी माइक हलवला तरी सांभाळून घेता येते. साध्या मिक्सरवर बास आणि ट्रेबल एवढेच असेल, तर 'हूं' असा जाड घुमारा येताना बास आणि तीक्ष्ण शिट्टी येताना ट्रेबल थोडा कमी करावा. इको मात्र बोलण्यासाठी पूर्ण बंद ठेवावा. तो त्याच आवाजाची आणखी एक प्रत फेरीत घालतो.

परिसंवादात चार जणांपुढे चार माइक उघडे असतील, तर प्रत्येक माइक हॉलचा आवाज आत ओढतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की सुमारे 3 डेसिबलची सोय जाते, म्हणजे चार माइकांत 6 डेसिबल. जो बोलतो त्याचाच माइक उघडा ठेवला की ही सोय परत मिळते.

प्रश्नोत्तरांत हातातला वायरलेस माइक श्रोत्यांत फिरतो, म्हणजे नेमका स्पीकरच्या तोंडापुढे येतो. स्वयंसेवकाने माइक स्वतःच धरावा, मधल्या वाटेने न्यावा, स्पीकरच्या अगदी पुढच्या रांगा टाळाव्यात आणि तो प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांपासून चार बोटांवर आल्यावरच सुरू करावा. पुढच्या रांगेतला प्रश्न असेल, तर माइक न नेता तो वक्त्यांनी पोडियमवरून मोठ्याने पुन्हा सांगावा, म्हणजे मागच्यांनाही तो ऐकू येतो.